वजन पत्नीचं जास्त, धोका पतीला

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करणारे ४३ वर्षांचे एक गृहस्थ आणि त्यांच्या ४० वर्षांच्या पत्नी, दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी माझ्या टेबलावर आले. राहायला सिडकोत, घरी दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून ओपीडीत नेहमी दिसणाऱ्या दोन-तीन घरांच्या नोंदी मी इथे एकत्र केल्या आहेत.) कारखान्याच्या वार्षिक तपासणीत नवऱ्याला ‘वजन ठीक’ असा शेरा मिळाला होता आणि बायकोला ‘वजन कमी करा’ असा. बाई त्यामुळे खजील होऊन आल्या होत्या. नवरा त्यांना सोबत म्हणून आला होता, स्वतःला दाखवायला नाही.

आकडे असे होते. नवऱ्याची उंची १७० सेंमी, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय २४.६. पत्नीची उंची १५६ सेंमी, वजन ६८ किलो, बीएमआय जवळजवळ २८. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्यामुळे कागदावर बाई लठ्ठ आणि नवरा काठावर.

रक्ताचे रिपोर्ट मात्र उलटे बोलत होते. नवऱ्याचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २२८, चांगलं समजलं जाणारं एचडीएल कोलेस्टेरॉल ३४, उपाशीपोटी साखर ११२, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.२, रक्तदाब १३८/८८, आणि सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर. पत्नीचं ट्रायग्लिसराइड १०४, एचडीएल ५२, साखर ९१, एचबीएवनसी ५.४, लिव्हर स्वच्छ. म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा होता तो ज्याला कोणी काही सांगितलं नव्हतं तो माणूस.

टेपने सांगितलेली गोष्ट

मी टेप काढला. कंबर मोजायची जागा बेंबी नाही आणि पॅन्टचा पट्टाही नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कुल्ह्याच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडला की आकडा वाचायचा. नवऱ्याची कंबर ९८ सेंमी निघाली. ते म्हणाले, “असं कसं मॅडम, माझी पॅन्ट आठ वर्षं झाली चौतीसचीच आहे.” चौतीस इंच म्हणजे ८६ सेंमी. पॅन्ट खरंच बदलली नव्हती, ती फक्त वर्षागणिक पोटाच्या खाली सरकत गेली होती. ज्या पुरुषांचं पोट पुढे येतं पण मांड्या आणि नितंब बारीकच राहतात, त्यांच्या बाबतीत हे नेहमी होतं. पॅन्टच्या मापावर त्यांनी विसंबू नये.

पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंमी ही आपल्याकडची मर्यादा. दुसरा सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. यांच्यासाठी ती रेषा ८५ सेंमीवर येते. पत्नीची कंबर ८१ आणि नितंबांचा घेर १०८. त्याही रेषेच्या जरा पुढेच होत्या, पण त्यांची बरीचशी चरबी कमरेखाली होती.

मग दोघांना तपासणीच्या टेबलावर उताणं झोपवलं. पत्नीचं पोट आडवं होताच दोन्ही बाजूंना पसरलं आणि चिमटीत कातडीची जाड, मऊ घडी आली. नवऱ्याचं पोट झोपल्यावरही वर राहिलं, हाताला टणक लागलं आणि चिमटीत आलं जेमतेम दोन सेंमी. त्यांची चरबी चिमटीत येणार नव्हती, कारण ती पोटाच्या स्नायूंच्या आत होती: आतड्यांवर लोंबणाऱ्या पडद्यात, आतड्यांच्या मुळाशी, यकृताभोवती आणि यकृतातही. हिला आतली चरबी म्हणू, आणि चिमटीत येते ती कातडीखालची. चिमटीची ही खूण काही मोजमाप नव्हे. खरं मोजमाप सीटी किंवा एमआरआयवर होतं. पण कंबर, ट्रायग्लिसराइड आणि सोनोग्राफी तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असताना त्या खर्चाने उपचारात काही फरक पडला नसता, म्हणून मी ते करायला सांगितलं नाही.

जिममधल्या वजनकाट्यावर त्यांनी आधी एकदा ‘व्हिसरल फॅट’चा आकडा काढला होता. तो ९ आला होता आणि तिथल्या मुलाने ‘नॉर्मल’ सांगितलं होतं. तो काटा पायातून बारीक विद्युतप्रवाह सोडून वय, उंची, वजन यांच्या हिशोबाने अंदाज बांधतो. पोटाच्या आत त्याला काही दिसत नाही. त्यांच्यासारख्या बारीक हातापायांच्या माणसाला तो सहज फसतो.

सारखी चरबी, वेगळी जागा, वेगळा परिणाम

चरबी हा मुळात शत्रू नाही. जेवणातून आलेली जादा ऊर्जा कुठेतरी ठेवावी लागते आणि कातडीखालच्या पेशी हे काम उत्तम करतात. मांड्या-नितंबांवरची चरबी तर फार शांत असते. आत घेतलेलं तेल ती सहजासहजी रक्तात सोडत नाही. अडचण सुरू होते ती ही जागा भरल्यावर. निफाड-लासलगावकडे कांदाचाळ भरली की कांदा अंगणात, ओसरीत, मिळेल तिथे पडतो आणि तिथे तो सडतो. शरीरातही कातडीखालचं कोठार भरलं की चरबी पोटाच्या आत, यकृतात, स्नायूंत जाऊन बसते.

कुणाचं कोठार किती मोठं, हे बरंचसं जन्मतः ठरतं. इथे पुण्यातल्या कामाचा उल्लेख करायलाच हवा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातल्या चरबीचं प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं की पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साऊदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी जवळजवळ टिकून होती. आपल्याकडे बारीक हातापायांच्या, पुढे आलेल्या पोटाच्या माणसाला चाळिशीत मधुमेह गाठतो, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

कोठाराची ही कल्पना बरोबर आहे हे कशावरून? दोन पुरावे मला सगळ्यात पटणारे वाटतात. काही लोकांत जन्मतःच कातडीखाली चरबी जवळजवळ नसते. हा दुर्मीळ आजार आहे. ही माणसं दिसायला अगदी सडसडीत, पण त्यांना तीव्र मधुमेह होतो, यकृत चरबीने भरतं, ट्रायग्लिसराइड भयंकर वाढतं. ठेवायला जागाच नाही, म्हणून. दुसरा पुरावा याच्या उलट टोकाचा. २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी लायपोसक्शनने काढली. तीन महिन्यांनी इन्सुलिनचा परिणाम, साखर, रक्तदाब यांत काही सुधारणा दिसली नाही. दहा किलो उपासाने आणि चालण्याने गेले असते तर रिपोर्ट पार बदलले असते, कारण तेव्हा आतली चरबीही गेली असती.

आतल्या चरबीचं रक्त थेट यकृतात जातं, तिथून मग बाकी शरीरात. या पेशी चरबी सोडायला उतावळ्या असतात. इन्सुलिनने ‘थांब’ म्हटलेलं त्यांना कमी ऐकू येतं आणि त्या सूज वाढवणारी रसायनंही सोडतात. यकृतात चरबी साठली की ते ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात ढकलतं, त्यात एचडीएल खाली येतं. आणि यकृत इन्सुलिनला जुमानेनासं झालं की रात्रभर साखर बनवत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर वाढते. या गृहस्थांच्या रिपोर्टमधल्या तिन्ही ओळी अशा एकाच ठिकाणाहून आलेल्या होत्या.

तरी सगळा दोष आतल्या चरबीवर ढकलणं योग्य नाही. यकृतात पोचणारी बहुतेक मुक्त चरबी कातडीखालच्या, त्यातही धडावरच्या साठ्यातूनच येते. आतल्या चरबीचा वाटा लठ्ठ माणसांतही साधारण पाचवा भाग. त्यामुळे आतली चरबी काही अंशी गुन्हेगार आहे आणि काही अंशी कोठार भरून वाहतंय याची खूण आहे. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचा अर्थ एकच निघतो.

पहिले दहा आठवडे: काटा उतरला, कंबर अडली

मी सविस्तर आहार लिहून द्यायच्या आधीच गृहस्थांनी मनावर घेतलं आणि त्यांच्या पद्धतीने सुरुवात केली. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्रीचं जेवण बंद, रोज शंभर उठाबशा पोटाच्या. दहा आठवड्यांनी आले तेव्हा वजन ६७.४ होतं. साडेतीन किलो गेले होते. खुश होते.

कंबर ९६.५ होती. म्हणजे फक्त दीड सेंमी कमी. ट्रायग्लिसराइड २०५, एचबीएवनसी ६.१. मांडीचा घेर मी पहिल्याच भेटीत नोंदवून ठेवला होता, तो ५२ वरून ४९ वर आला होता. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात आधी १५ वेळा उठत होते, आता १२ वेळा. मशीनवर जॉब चढवताना हात भरून येतात, अशी तक्रार त्यांनी स्वतःच केली. वजन गेलं होतं, पण त्यात मोठा वाटा स्नायूंचा होता. पोटाच्या उठाबशांनी पोटाचे स्नायू बळकट होतात. त्यांच्या मागची चरबी त्याने वितळत नाही, कारण चरबी कुठून काढायची हे जवळचा स्नायू ठरवत नाही.

वजन उतरतंय आणि कंबर उतरत नाही, ही जोडी दिसली की मी दोन गोष्टी विचारते: प्रथिनं किती पोटात जातात, आणि झोप किती होते. दुसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, “झोप बरी आहे.” शेजारी बसलेल्या पत्नी म्हणाल्या, “अहो, खरं सांगा ना. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात चार-साडेचार तासांच्या वर झोपता का तुम्ही?”

रात्र पाळीचा हिशोब

त्यांची पाळी दर आठवड्याला बदलायची. थर्ड शिफ्ट रात्री बारा ते सकाळी सात. घरी पोचायला पावणेआठ, मग चहा-पोहे, पेपर, मोबाईल, नऊला पडायचं. साडेदहाला भाजीवाला, अकराला कुरिअर, एकला मुलं शाळेतून. दीडला उठून बसायचे ते पुन्हा पडायचे नाहीत. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात घरी येऊन जेवून झोपायला दोन, आणि मुलांच्या शाळेसाठी सहाला घर जागं. फक्त फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात सहा तास मिळायचे.

कमी झोपेचा आतल्या चरबीशी थेट संबंध दाखवणारा एक प्रयोग २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने प्रसिद्ध केला. लठ्ठ नसलेल्या १२ निरोगी लोकांना रुग्णालयातच ठेवलं. एका फेरीत दोन आठवडे नऊ तास झोप दिली, दुसऱ्या फेरीत चार तास. खायला हवं तितकं. कमी झोपेत ते दिवसाला तीनशेहून जास्त कॅलरी अधिक खाऊ लागले. वजन जेमतेम अर्धा किलो वाढलं, पण सीटीवर पोटाच्या आतली चरबी ११ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पुढचे तीन दिवस पुरेशी झोप दिली तेव्हा खाणं आणि वजन खाली आलं, आतली चरबी मात्र वाढतच राहिली. तरुण, सडपातळ माणसात जादा तेल आधी कातडीखाली जायला हवं. इथे ते आत वळलं. प्रयोग लहान आहे, म्हणून मी त्यातल्या नेमक्या टक्केवारीला चिकटून राहत नाही. पण सुट्टीच्या दिवशी झोपून हिशोब फिटतो, या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला आहे.

गृहस्थांच्या पहिल्या दहा आठवड्यांचं उत्तर दुसऱ्या एका प्रयोगात आहे. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये दहा जाड व्यक्तींना तेच कमी कॅलरीचं जेवण दोनदा दोन-दोन आठवडे दिलं. एकदा साडेआठ तास झोपायला दिलं, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा सुमारे तीन किलोच उतरलं. पुरेशी झोप असताना त्यातली १.४ किलो चरबी होती, कमी झोपेत फक्त ०.६ किलो. बाकी गेलं ते चरबीविरहित शरीर, म्हणजे स्नायू धरून. काट्याला हा फरक कळत नाही. मांडीच्या टेपला कळतो.

पत्नीने आणखी एक गोष्ट सांगितली: ते घोरतात आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. मान ४१ सेंमी होती. घरी करायची झोपेची चाचणी केली तेव्हा श्वास थांबण्याचा त्रास सौम्य निघाला आणि तोही उताणं झोपल्यावर. कुशीवर झोपायची सवय पुरेशी होती. तो मध्यम किंवा तीव्र असता तर आधी त्याचा उपचार करावा लागला असता. रात्री मास्क लावल्याने रक्तदाब आणि दिवसाची झापड सुधारते, पण आतली चरबी केवळ मास्कने उतरत नाही, हेही अशा रुग्णांना मी आधीच सांगून ठेवते.

पाळी बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून पाळीच्या आत जागा शोधली. थर्ड शिफ्टहून आल्यावर पेपर आणि मोबाईल बंद, हलका नाश्ता, सव्वाआठला आडवं. खिडकीला जाड काळं कापड, फोन सासूबाईंकडे, दाराची बेल झोपेच्या वेळेत बंद. सव्वाआठ ते दीड हा मुख्य तुकडा आणि रात्री जेवल्यानंतर निघण्याआधी दीड तासाचा दुसरा, साडेनऊ ते अकरा. रात्री दोननंतर चहा नाही, कारण कॅफिन पाच-सहा तासांनी निम्मंच उतरतं. सकाळच्या उन्हात येताना काळा चष्मा लावला तर झोप लवकर लागते असं सांगतात, पण पेंगुळलेल्या माणसाने दुचाकीवर तो लावू नये, आणि यांना मी तो मना केला. या सगळ्याने आठवड्याची सरासरी पावणेसात तासांच्या आसपास आली. पहिले तीन आठवडे नीट जमलं नाही. सासूबाईंनी बेल आणि मुलांची जबाबदारी घेतल्यावर जमायला लागलं.

ताटात काय बदललं

त्यांनी रात्रीचं जेवण बंद केलं होतं, पण कारखान्यातला चहा बंद केला नव्हता. कॅन्टीनचा, मित्रांबरोबरचा, घरचा मिळून दिवसाला सात कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. सत्तर ग्रॅम. वर दुपारी उसाचा रस किंवा थंड पेय. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो आणि ते बहुतांशी यकृतातच पोचतं. गरजेपेक्षा जास्त आलं की यकृत त्याची चरबी बनवतं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात (२००९) दहा आठवडे एका गटाला फ्रुक्टोजची आणि दुसऱ्याला ग्लुकोजची पेयं दिली. वजन दोन्ही गटांत सारखंच वाढलं, आतली चरबी मात्र फ्रुक्टोजच्या गटात वाढली. तिथलं प्रमाण मोठं होतं, रोजच्या ऊर्जेचा चौथा भाग, त्यामुळे दोन कप गोड चहाला तो निष्कर्ष लावू नये. सात कप आणि वर रस, इथे मात्र तो आठवतो. चहा तीन कपांवर आणला, अर्धा चमचा साखरेचा, रस आणि थंड पेय बंद.

“मग द्राक्षंही बंद का?” हा प्रश्न नाशिकमध्ये जानेवारी ते मार्च मला रोज विचारला जातो. शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण १६ ग्रॅम साखर असते, आणि ती चावून, पाण्यासकट, हळूहळू जाते. एक वाटी खावीत. किलोभर समोर घेऊन बसू नये आणि रस काढू नये.

दुसरी मोठी गोष्ट होती पहाटे तीनचा वडापाव आणि डब्यातला चिवडा-फरसाण. बाजारातलं बरंच फरसाण पाम तेलात तळलेलं असतं. स्वीडनच्या उप्सालामध्ये (२०१४) सडपातळ तरुणांना सात आठवडे जादा मफिन खायला दिले, एका गटाचे पाम तेलाचे आणि दुसऱ्याचे सूर्यफूल तेलाचे. दोन्ही गटांचं वजन दीड किलोच्या वर सारखंच वाढलं. पाम तेलाच्या गटात यकृतातली आणि पोटातली चरबी जास्त वाढली, सूर्यफुलाच्या गटात स्नायू जास्त वाढले. यावरून कोणतंही तेल कितीही खावं असा अर्थ निघत नाही. मी पाच जणांच्या घरासाठी महिन्याला दोन लिटर तेल ठरवून दिलं आणि तीनच्या वड्याऐवजी ताक, उकडलेली अंडी किंवा मोड आलेले मूग. मध्यरात्री शरीर साखर हाताळायला तयार नसतं, म्हणून मुख्य जेवण रात्री साडेआठला घरीच.

तिसरी गोष्ट प्रथिनांची. त्यांच्या जेवणात दिवसाला जेमतेम ४५ ग्रॅम प्रथिनं होती. स्नायू परत आणायचे तर त्यांच्या वजनाला ८० ग्रॅमच्या आसपास हवी होती. पत्नीने डब्याची रचना बदलली: दोन ज्वारीच्या भाकऱ्या, मटकीची किंवा हरभऱ्याची मोठी वाटीभर उसळ, वाटीभर दही, कांदा-काकडी. संध्याकाळी मूठभर भाजके चणे. आठवड्यातून तीनदा सोयाबीन वडी, रोज दोन अंडी. भात बंद केला नाही, अर्धा केला. रविवारची मिसळ राहिली, फक्त तर्री कमी, पाव एक आणि शेजारची जिलेबी बंद. आठवड्यातून दोनदा होणारी दारू सहा महिने पूर्ण थांबवली, कारण ग्रेड २ यकृताला ती परवडणारी नव्हती.

चालणं आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. आतल्या चरबीच्या पेशी व्यायामात सुटणाऱ्या ॲड्रेनलिनला लवकर दाद देतात. म्हणून वजन फारसं न उतरताही चालण्याने ती आधी कमी होते. त्याशिवाय दोन दिवस मांड्या आणि खांद्यांचे व्यायाम, पाण्याच्या भरलेल्या कॅनने.

सात महिन्यांनी

वजन ६६.९. म्हणजे पहिल्या दहा आठवड्यांनंतर काट्याने फक्त अर्धा किलो दाखवला. कंबर ९६.५ वरून ९१. मांडी परत ५२. खुर्चीवरून १६ वेळा. ट्रायग्लिसराइड १४२, एचडीएल ३९, उपाशीपोटी साखर ९९, एचबीएवनसी ५.७, सोनोग्राफीत ग्रेड १. रक्तदाब १२८/८२, गोळीशिवाय.

झोपेने किती आणि ताटाने किती, हे एका माणसावरून वेगळं करता येत नाही. पण पुढे एक गोष्ट घडली. दिवाळीआधी कारखान्यात मोठी ऑर्डर आली आणि सलग सहा आठवडे थर्ड शिफ्ट आणि ओव्हरटाइम. डबा घरचाच राहिला, चालणं निम्मं राहिलं, झोप पुन्हा पाच तासांवर आली. पहाटेचा वडापावही परत आला; भूक आवरत नाही, असं ते म्हणाले. सहा आठवड्यांनी वजन ६७.१, जवळजवळ तेवढंच. कंबर ९३, ट्रायग्लिसराइड १८८. मग ते स्वतःच सुपरवायझरशी बोलले आणि दर आठवड्याऐवजी दर तीन आठवड्यांनी पाळी बदलून घेतली, म्हणजे झोपेचं वेळापत्रक निदान स्थिर राहतं. आता कंबर दर महिन्याच्या एक तारखेला घरीच मोजतात, रक्त दर तीन महिन्यांनी तपासतो. ८५ पर्यंत पोचायला अजून बराच वेळ आहे.

पत्नीला मी वजन कमी करण्याचा धाक घातला नाही. गुडघे दुखतात म्हणून चालणं आणि मांड्यांचा व्यायाम त्यांनाही दिला आणि नवऱ्याच्या नव्या डब्याने त्यांचेही दोन किलो गेले. त्यांचे रिपोर्ट आज चांगले आहेत, पण ते कायमचे नाहीत. मासिक पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन कमी होतं आणि वजन तेच असताना चरबी मांड्यांकडून पोटाच्या आत सरकू लागते. म्हणून त्यांच्या फाइलवर मी वजनाशेजारी कंबर आणि नितंब यांचे रकाने आखून दिले आहेत. नितंबांचा घेर कमी होत असताना कंबर ८५ च्या पुढे गेली, किंवा ट्रायग्लिसराइड १५० ओलांडून गेलं, तर काट्यावर काहीही दिसो, त्यांनी त्याच आठवड्यात यायचं आहे.